स्क्रीनवर ८ जीबी, प्रत्यक्षात किती? मॉड लावलेल्या स्कायरिमचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याच दुकानातलं आहे. वरुडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक ओळखू येईल असे तपशील वगळले आहेत. आकडे त्या वेळी वहीत लिहून ठेवले होते, ते तसेच दिले आहेत.

पार्श्वभूमी

मोर्शी-वरुड पट्ट्यातल्या एका संत्रा बागायतदाराचा धाकटा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. आंबिया बहाराचा माल बरा गेला त्या वर्षी घरात कॉम्प्युटर आला. आय३-१०१००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, २४० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची साधी हार्ड डिस्क. घेताना पोरानं विचार केला होता. त्याला खेळायचं होतं ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’. हा २०१६ साली आलेला गेम, १२ जीबी जागा आणि ८ जीबी रॅम मागणारा. रेकमेंडेडच्या रकान्यात ३ जीबीचं जीटीएक्स ७८० लिहिलेलं आहे. पोराचं कार्ड ४ जीबीचं, म्हणजे कागदावर सगळं बसत होतं.

साधा गेम त्यावर उत्तम चाललाही. मग नागपूरच्या हॉस्टेलमधल्या मित्राकडून त्यानं तयार मॉडचा, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइलींचा, अख्खा संच हार्ड डिस्कवर भरून आणला. गावात मोबाइलचं रोजचं २ जीबी नेट, त्यावर एवढं उतरवायचं म्हणजे दोन महिने गेले असते. त्यात चारशे वीसच्या आसपास मॉड होते आणि डिस्कवर ११८ जीबी. डोंगर, झाडं, गवत, घरं, चेहरे, चिलखतं, आकाश, सगळं बदललेलं. मित्राकडे तो संच झकास चालत होता, पण मित्राचं कार्ड १२ जीबीचं होतं. हे आणताना कोणाच्या डोक्यात आलं नाही.

अडचण

पोरगा सीपीयू गोधडीत गुंडाळून मोटरसायकलवर घेऊन आला. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाला, “भाऊ, मिनिमममंधी ८ जीबी लिहेल हाय, मायाजवळ ८च हाय. कार्ड तं रेकमेंडेडपेक्षा मोठं हाय. मंग काऊन बंद पडून राहिलं?”

आधी एका दुकानदारानं रॅम खराब सांगितली होती, दुसऱ्यानं व्हायरस सांगून विंडोज नव्यानं टाकून दिली होती. रॅम मी रात्रभर मेमटेस्टला लावली, एकही चूक निघाली नाही.

त्याच्या तक्रारीत दोन वेगळे दोष मिसळले होते, आणि ते वेगळे करण्यातच अर्धा दिवस गेला. पहिला दोष असा: सराईत, गुहेत, घरात गेम सेकंदाला ५०-५५ फ्रेमनं चालायचा. बाहेर गेममधल्या रिफ्टन शहराजवळच्या जंगलात आला की मान वळवताच ८ ते १२ फ्रेम. चित्र थांबतं, सरकतं, पुन्हा थांबतं. पण गेम बंद पडत नाही. दुसरा दोष: वीस-चाळीस मिनिटांनी गेम कसलाही संदेश न देता नाहीसा होतो आणि समोर डेस्कटॉप येतो. त्या आधी चित्र अडखळलेलंच असेल असं नाही.

पोराच्या लेखी हे एकच होतं: “गेम नीट चालत नाही.” दोघांचं औषध मात्र एक नव्हतं.

मोजल्यावर काय दिसलं

टास्क मॅनेजर दुसऱ्या स्क्रीनवर उघडा ठेवून पोराला खेळायला बसवलं. Performance मध्ये GPU वर दोन ओळी असतात, `Dedicated GPU memory` आणि `Shared GPU memory`. पहिली म्हणजे कार्डावरची स्वतःची मेमरी. दुसरी म्हणजे कार्डात न मावलेला माल विंडोजनं साध्या रॅममध्ये ठेवला तो.

सराईत पहिली ओळ ३.१ होती आणि दुसरी ०.१. दार उघडून पोरगा बाहेर पडला. पहिली ३.८ वर जाऊन अडली, आणि दुसरी बघता बघता ०.६, १.५, २.९ झाली. फ्रेम ५२ वरून ९ वर. पोरगा पडद्याकडे बघत होता, मी त्या आकड्याकडे. आकडा थांबला तिथे फ्रेमही खाली जाऊन थांबली.

असं का होतं, ते आकड्यांतच कळतं. जीटीएक्स १६५० (जुनी, जीडीडीआर५ ची आवृत्ती) स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला १२८ जीबी वाचते. तोच माल रॅममध्ये असेल तर तो पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेनं यावा लागतो, आणि ३.० च्या पूर्ण सोळा लेनचा वेग सेकंदाला साधारण १६ जीबी. म्हणजे आठव्या हिश्शाचा रस्ता. त्यात रॅमची एकच पट्टी, २६६६ च्या वेगाची, तिचा स्वतःचा वेग २१ जीबीच्या आसपास, आणि त्यातच प्रोसेसरही खात होता. दर फ्रेमला लागणारी टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, त्या वाटेनं ओढायची तर फ्रेम येणार कुठून?

आता दुसरा दोष. Memory च्या पानावर `Committed` नावाचा आकडा असतो, ‘इतके / इतके’ असा. लोक त्याकडे बघतच नाहीत, ‘रॅम किती टक्के’ एवढंच बघतात. प्रोग्रामांना दिलेल्या मेमरीच्या वचनांची ती बेरीज आहे, आणि तिची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल, रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल वापरतं ती. पोराकडे तो १३.६ / १३.९ होता. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्यानं पेजफाइल ६ जीबीवर बांधून टाकली होती, ‘एसएसडी झिजू नये म्हणून’. वचन द्यायला जागा उरली नाही की विंडोज नकार देतं, आणि गेमला नकार ऐकून घ्यायची सवय नसते. तो मरतो. Event Viewer मधल्या System नोंदींत हे लिहिलेलं सापडलं, क्रमांक 2004, `Resource-Exhaustion-Detector`, आणि खाली सर्वांत जास्त मेमरी खाणाऱ्यांत पहिलं नाव `SkyrimSE.exe`, सुमारे ९ अब्ज बाइट. गेम बंद पडल्याच्या वेळा आणि या नोंदींच्या वेळा पोराकडून जुळवून घेतल्या. पाचपैकी चार जुळल्या.

मग ८ जीबी लिहिलंय ते खोटं का?

खोटं नाही. ते गेम विकला गेला त्या मालासाठी लिहिलेलं आहे. कंपनीनं त्यात घातलेली टेक्स्चर, तिनं ठरवलेलं अंतर, तिची झाडं. मॉड टाकला की माल बदलतो, पाटी तीच राहते. आणि मॉड करणाऱ्यांपैकी प्रत्येकजण आपापल्या मॉडपुरतं बोलतो. ‘माझा ४के दगडांचा मॉड ८ जीबीच्या कार्डावर मस्त चालतो’ हे खरंच असतं. दोनशे जणांचं खरं एकत्र टाकलं की बेरीज कोणाचीच नसते.

त्या बेरजेचा हिशेब मात्र सोपा आहे. पोरापुढे कागदावर मांडला, इथेही मांडतो.

४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचं, म्हणजे ४के, एक टेक्स्चर. बीसी७ या ब्लॉक कॉम्प्रेशनमध्ये एका पिक्सेलला एक बाइट, म्हणजे १६ एमबी. त्यासोबत दूरवरून बघण्यासाठी निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रती असतात, त्यांना मिपमॅप म्हणतात. त्यांनी एक तृतीयांश वाढतं. झाले २१.३ एमबी. हे कार्डातही तसंच दाबलेलं राहतं, उलगडत नाही. २०४८ चं असेल तर ५.३ एमबी, १०२४ चं १.३ एमबी. बाजू दुप्पट केली की मेमरी चौपट.

पण एका वस्तूला एक टेक्स्चर नसतं. रंगाचं एक, उंचसखलपणाचं एक (फाइलच्या नावात `_n`), चकाकीसाठी आणखी एक, कधी पॅरलॅक्सचं चौथं. आणि काही मॉडमध्ये फाइल दाबलेलीच नसते. तेव्हा एका पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ४०९६ च्या एका टेक्स्चरला ८५.३ एमबी.

हे कसं ओळखायचं? फाइलचा आकार बघा. दाबलेलं ४०९६ एक्सप्लोररमध्ये २१,८४६ केबी दिसतं, न दाबलेलं ८७,३८२ केबी. हे दोन आकडे मला आता पाठ झाले आहेत. पोराच्या मॉड फोल्डरमध्ये ही ओळ चालवली:

```
Get-ChildItem -Recurse -Filter *.dds |
  Where-Object Length -gt 20MB |
  Sort-Object Length -Descending |
  Select-Object -First 40 Length, FullName
```

सगळ्यांत वर ८७,३८२ केबीवाल्या फाइलींची रांग लागली. त्यांतल्या बारा एकाच फोल्डरच्या निघाल्या. कथेत सोबत फिरणाऱ्या एका लढवय्या बाईचं चिलखत: अंगातलं, हातमोजे, बूट, शिरस्त्राण, प्रत्येकाला तीन टेक्स्चर. बारा गुणिले ८५.३ म्हणजे बरोबर १०२४ एमबी. चार जीबीच्या कार्डातला एक जीबी एका बाईच्या अंगावर! आणि ती सोबतीण असल्यामुळे पोरगा जिथे जाईल तिथे ती मागे. पोरगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हंजे ते बाई घरीच ठेवाव लागते.”

(हा मॉड उतरवताना लहान दिसतो, हेही सांगून ठेवतो. झिप किंवा ७झेडमध्ये अशा फाइली खूप आवळल्या जातात. डाउनलोडचा आकडा बघून मेमरीचा अंदाज बांधायचा नाही. उलटही खरं आहे: डिस्कवर ११८ जीबी होते म्हणून ११८ लागत नाहीत. एकाच दगडाचं टेक्स्चर पाच मॉडनी दिलं असेल तर क्रमात सर्वांत शेवटचा जिंकतो, बाकीचे चार डिस्कवर पडून राहतात. शिवाय समोरच्या परिसरात जे आहे तेवढंच लोड होतं.)

समोरचा परिसर किती, हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर `Skyrim.ini` मध्ये सापडलं. `uGridsToLoad` ही ओळ मुळात ५ असते. म्हणजे खेळाडूभोवती ५ गुणिले ५, पंचवीस चौकोन पूर्ण तपशिलानं उघडे राहतात. पोराच्या संचात ते ७ होतं. दिसायला दोनची वाढ, पण चौकोन एकोणपन्नास, जवळजवळ दुप्पट. प्रत्येक चौकोनातली झाडं, दगड, घरं, त्यांची टेक्स्चर कार्डात. त्यातले प्राणी, माणसं, त्यांचे हिशेब रॅममध्ये. एकाच ओळीनं दोन्हीकडची भूक वाढवली होती.

समोर असलेले पर्याय

पोराचे वडील दुसऱ्या दिवशी आले. त्यांचं एकच म्हणणं होतं: “कितीक लागते ते सांगा, पन एकदाच सांगा.” संत्र्याचा पैसा वर्षातून एकदा येतो, त्यामुळे ‘बघू, नाही झालं तर आणखी घेऊ’ हे त्यांना चालणार नव्हतं. रास्तच होतं.

नवीन कार्ड घेणं हा सरळ उपाय होता. १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० मित्राकडे होतं तसंच घेता आलं असतं. पण ते १७० वॅट खातं, त्याला वेगळी वीजजोडणी लागते, आणि पोराच्या पेटीतला ४५० वॅटचा पॉवर सप्लाय कोण्या कंपनीचा होता ते त्याच्या लेबलवरही नीट नव्हतं. गावात संध्याकाळी व्होल्टेज कमी-जास्त होतं ते वेगळंच. म्हणजे कार्डासोबत पॉवर सप्लाय आणि यूपीएससुद्धा. ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटचं, मदरबोर्डवरूनच वीज घेणारं, ते मला जास्त पटलं. पण तेव्हा कार्डाबाहेर सांडलेला माल २.९ जीबी होता. दोन जीबी वाढवून जेमतेम काठावर, तेही पोरगा पुढचा मॉड टाकेपर्यंत.

फक्त रॅम वाढवणं सर्वांत स्वस्त. बहुतेक दुकानं हेच करतात, आणि गेम बंद पडायचा थांबला की गिऱ्हाईक खूशही होतं. पण जंगलातल्या ९ फ्रेमचं मूळ रॅममध्ये नव्हतं.

पैसे न लागणारा पर्याय टेक्स्चर लहान करण्याचा होता. १९२० गुणिले १०८० च्या मॉनिटरवर ४०९६ चा दगड क्वचितच पूर्ण दिसतो. नाक त्याला लावलं तरच. हे काम मात्र वेळखाऊ, आणि चुकलं तर पुन्हा उतरवायला नेट नाही.

मॉड काढून टाकणं पोराला मान्य नव्हतं. मीही आग्रह धरला नाही, कारण मॉडची संख्या हा दोष नव्हता. त्या चारशे वीसमधले निम्म्याहून जास्त मॉड नियम, आवाज, मेनू बदलणारे होते, त्यांचं वजन किरकोळ. ते उगाच काढत बसलो असतो तर सगळं मोडून पडलं असतं.

काय केलं, आणि कुठे चुकलो

मी आधी पेजफाइलला हात घातला. एसएसडीवर ९ जीबीच मोकळे होते, म्हणून पेजफाइल हार्ड डिस्कवर २४ जीबीची बांधून दिली. दुकानात तासभर चाललं, गेम बंद पडला नाही, पोरगा घेऊन गेला. तीन दिवसांनी परत. आता गेम मरत नव्हता, पण रिफ्टनच्या वेशीवर चाळीस-चाळीस सेकंद गोठत होता आणि हार्ड डिस्कचा दिवा तेवढा वेळ सलग पेटलेला. साहजिक होतं. वचनाला जागा मिळाली, पण वचन पाळायची वेळ आली की माल फिरत्या तबकडीवरून आणायचा. मी मरणाचं रूपांतर झोपेत करून दिलं होतं, बस.

मग रॅम. ८ जीबीची दुसरी पट्टी घातली. एसएसडीवरून बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर हलवले, ५० जीबी मोकळे झाले, आणि पेजफाइल एसएसडीवर आणून ‘System managed’ वर सोडली. गोठणं थांबलं, बंद पडणं थांबलं. जंगलात ९ च्या जागी १३ फ्रेम. ती चारची वाढ दोन पट्ट्यांमुळे रॅमचा वेग दुप्पट झाला म्हणून, बाकी काही नाही. `Shared GPU memory` तसाच २.९.

तिसऱ्या टप्प्यावर टेक्स्चर, आणि इथे मोठी चूक माझीच. `Cathedral Assets Optimizer` ला मी अख्खा मॉड फोल्डर दिला आणि सरसकट १०२४ वर आणायला सांगून रात्री घरी गेलो. मूळ फाइलींवरच. प्रत काढली नव्हती, ‘११८ जीबीची प्रत कुठे ठेवू’ म्हणून. सकाळी आकडे सुंदर होते, कार्डात २.४ जीबी. पण खेळातला नकाशा धूसर, पुस्तकांतली अक्षरं वाचता येईनात, आणि दूरचे डोंगर चिखलासारखे. नकाशा आणि पुस्तकांची टेक्स्चर जवळून वाचायची असतात, ती लहान करायचीच नसतात. दूरच्या दृश्याची टेक्स्चर एका मोठ्या पत्र्यावर शेकडो झाडं-घरं मांडलेली असतात. पत्रा ८१९२ चा होता तो १०२४ वर आणला म्हणजे एकेका झाडाच्या वाट्याला काही उरलं नाही. पोराला पुन्हा नागपूरला जावं लागलं, हार्ड डिस्क घेऊन. एसटीचं भाडं मी दिलं.

दुसऱ्या वेळी मूळ संचाला हात लावला नाही. मॉड ऑर्गनायझरमध्ये एक रिकामा मॉड तयार केला, लहान केलेल्या फाइली त्यातच ठेवल्या आणि तो क्रमात शेवटी लावला. शेवटचा जिंकतो, त्यामुळे मूळ फाइली जागच्या जागी राहून या वापरल्या जातात. बिघडलं तर त्या मॉडची खूण काढायची, झालं. बीएसए नावाच्या गठ्ठा-फाइलींमध्ये बांधलेली टेक्स्चर वरच्या यादीत दिसत नाहीत, ती आधी सोडवून घ्यावी लागली.

न दाबलेल्या फाइलींपासून सुरुवात केली. प्रत्येक फोल्डरवर अशी एक ओळ:

```
texconv -f BC7_UNORM -w 2048 -h 2048 -m 0 -y -o D:\kami\armor *.dds
```

`-m 0` म्हणजे मिपमॅपची पूर्ण साखळी. ती नसली तर मेमरी थोडी वाचते, पण दूरच्या वस्तू चमचम करतात. सोबतिणीचं चिलखत १०२४ एमबीवरून ६४ वर आलं, सोळावा हिस्सा. कपडे बघून पोराला फरक सांगता आला नाही. मी त्याला मुद्दाम दोन्ही चित्रं शेजारी लावून विचारलं होतं, त्यानं लहान केलेलं चित्र ‘ओरिजनल’ म्हणून दाखवलं.

मग भांडी, टोपल्या, फर्निचर, अशा लहान वस्तू १०२४ वर. जमीन, भिंती, झाडांची साल २०४८ वर. चेहरे, नकाशा, पुस्तकं आणि दूरच्या दृश्याचे पत्रे होते तसे ठेवले. हे करताना एका संध्याकाळी लाईन गेली, यूपीएसनं दहा मिनिटं काढली आणि कन्व्हर्जन मध्येच तुटलं. अर्धवट लिहिलेली फाइल गेममध्ये भलत्या रंगाची दिसते. तो फोल्डर पुसून पुन्हा चालवला.

`uGridsToLoad` चा निर्णय पोरावर सोडला. ७ वर केलेला सेव्ह नंतर ५ वर उघडणं धोक्याचं असतं, आणि त्याचा बासष्ट तासांचा खेळ झालेला. दोन दिवस विचार करून त्यानं नवा खेळ सुरू केला, ५ वर.

निकाल

रिफ्टनचं तेच जंगल, तीच पायवाट. कार्डात ३.४ जीबी, बाहेर सांडलेला माल ०.२. फ्रेम ४२ ते ५०, पावसात ३५ पर्यंत उतरते. रॅम एकूण १०.८ जीबी वापरात, म्हणजे सगळी कापाकापी करूनही पाटीवरच्या ८ ला पुरलं नसतं. सलग तीन तास खेळवलं, 2004 ची एकही नवी नोंद नाही. खर्च एका रॅमच्या पट्टीचा आणि माझ्या मजुरीचा. मजुरी मी निम्मीच घेतली, नागपूरच्या फेरीमुळे.

मर्यादा राहिल्याच. प्रकाश-सावली बदलणारा ईएनबी पोराला लावायचा होता. त्याला कार्डात आणखी काही शे एमबी लागतात आणि प्रोसेसिंगचा भारही मोठा, १६५० ला तो झेपला नाही. तो बंदच आहे.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा ठेवीन. आधी `Shared GPU memory` आणि `Committed` हे दोन आकडे, मग टेक्स्चर, आणि रॅम सर्वांत शेवटी. कार्डाबाहेर सांडलेले ते २.९ जीबी रॅमच्या आणि commit च्याच डोक्यावर बसलेले होते. ते आधी कमी केले असते तर रॅमची खरी गरज किती ते स्वच्छ दिसलं असतं. १०.८ बघता पट्टी लागलीच असती, पण ती अंदाजानं नाही, आकडा बघून घेतली असती, आणि वडिलांना ‘एकदाच’ सांगता आलं असतं. पेजफाइल हार्ड डिस्कवर नेण्याचा उपाय मी आता कोणाला करून देत नाही. व्हिडिओ हलवून एसएसडीवर जागा करायला पहिल्या दिवशीही अर्धा तासच लागला असता.

कार्डाच्या बाबतीत माझं मत डळमळीत आहे. ६ जीबीचं कार्ड तेव्हाच घेतलं असतं तर आठवडाभराची मेहनत बरीच कमी झाली असती, हे खरं. पण चिलखतातला तो एक जीबी तसाच राहिला असता आणि सहाही भरले असते.

महिनाभरानं पोराचा फोन आला. “भाऊ, नवे झाडं टाकले, ४केवाले. शेअर्ड १.४ दाखवून राहिलं.”

“मग काय केलंस?”

“झाडं राहू देल्ले. बाईचं चिलखत १०२४ वर आनलं, घोड्याचं भी. आता ०.३ हाय.”

घोड्याच्या खोगिराचं टेक्स्चर न दाबलेलं होतं, ते माझ्या यादीत पहिल्या चाळीसच्या बाहेर राहून गेलं होतं.